पपनसाचा वास

वाल्मीकभाऊ धात्रक तंबाखू खात नव्हते, पण मळायचे मात्र रोज. डाव्या तळहातावर चिमूटभर काहीतरी घ्यायचं, उजव्या अंगठ्यानं ते गरम होईपर्यंत रगडायचं, वर एक थाप मारायची आणि हात थेट नाकाशी न्यायचा. ही लकब त्यांनी वडिलांकडून उचललेली. फरक एवढाच, की वडिलांच्या तळहातावर तंबाखू असायची आणि भाऊंच्या तळहातावर हॉप्स.

हॉप्स म्हणजे बिअरमध्ये घालतात ती फुलं. थंड मुलखात वेलीवर येतात, मग वाळवून, कुटून, दाबून त्यांच्या हिरव्या गोळ्या करतात. आम्ही नाशिकला, अंबडच्या एका छोट्या ब्रूअरीत काम करायचो. तिचं नाव सांगत नाही, आता ती नाहीही. भाऊ तिथे ब्याण्णव साली प्रयोगशाळेत बाटल्या धुवायला लागले आणि चारेक वर्षांत त्यांच्या नाकाशिवाय माल बाहेर जाईनासा झाला. टाकीतल्या बिअरला लोण्याचा वास मारतोय, म्हणजे ती अजून तयार व्हायची आहे. ह्या बाटल्या दुकानदारानं उन्हात ठेवल्या होत्या, विचारा त्याला. हे सगळं भाऊ एका हुंगण्यात सांगायचे. मी अठ्ठ्याण्णवला बी.एस्सी. करून, बरीचशी अक्कल आणि त्याहून जास्त तोरा घेऊन तिथे रुजू झाले. पहिल्याच आठवड्यात माझ्या यंत्राचा आकडा एक म्हणाला आणि भाऊंचं नाक दुसरंच. मी तावातावानं भांडले. दुपारी कळलं, यंत्र बिघडलं होतं. भाऊ हसले नाहीत, एवढंच म्हणाले, "मॅडम, यंत्राला पण सर्दी होते."

त्या दिवसापासून मी त्यांच्या नाकाशी वाद घालणं सोडलं. आणि नेमकं तेच पुढे मला महागात पडलं.

दोन हजार नऊची गोष्ट. मालकांचा मुलगा सुनील अमेरिकेत शिकून परत आला होता. तोवर आम्ही दोनच बिअर बनवायचो, साधी लागर आणि ढाब्यावर खपणारी स्ट्राँग. हॉप्स आम्हाला कडूपणापुरते लागायचे. जवाच्या उकळत्या रसात सुरुवातीला टाकले की तासाभरात कडूपणा उतरतो आणि वास वाफेबरोबर उडून जातो. सुनीलला बनवायची होती आयपीए नावाची बिअर. ती कडू तर असतेच, पण तिचा खरा रुबाब वासाचा. त्यासाठी हॉप्स पुन्हा एकदा, बिअर आंबून झाल्यावर, न उकळता घालायचे आणि चार दिवस नुसते भिजू द्यायचे. मग जातीप्रमाणे वास उतरतो, कुणाचा लिंबू-संत्र्याचा, कुणाचा पाईनच्या लाकडाचा, कुणाचा फुलांचा, कुणाचा आंबा-पेरूसारख्या उष्ण मुलखातल्या फळांचा.

"लोक तिथे दुकानात उभे राहून बाटलीवरची हॉपची जात वाचतात आणि मग आयपीए निवडतात," सुनील डोळे मोठे करून सांगायचा. "आपण एकच बनवायची. पण अशी, की नाशिकच्या माणसानं बाटली उघडली की ओळखीचं काहीतरी भेटलं पाहिजे." त्याच्या वडिलांनी त्याला एकच संधी दिली होती. जमलं तर ठीक, नाहीतर गुमान स्ट्राँग विकायची.

त्यानं चार जातींची पाकिटं मागवली. कॅस्केड, अमारिलो, सिमको आणि त्या वर्षी नवीनच बाजारात आलेली सिट्रा. प्रत्येकीची दोन-दोन चंदेरी पाकिटं. मे महिन्यात ती मुंबईच्या विमानतळावर बारा दिवस अडकली. आमच्याकडे आली तेव्हा बाकीची विटेसारखी घट्ट होती, सिमकोचं एक तेवढं हाताला मऊ लागलं. हवा न काढता बांधलेल्या पुडक्यासारखं. मला ते जाणवलं. मी ते नोंदवलं नाही. गाढवपणा, दुसरं काय.

चारींचं एकेक पाकीट कापून, घाईघाईनं चिमूट-चिमूट काढून मी छोट्या पाकिटांत भरून भाऊंना दिली. म्हटलं, "तुम्ही मळून बघा, आणि तुमच्या शब्दांत लिहून आणा. पुस्तकी नको." भाऊंनी तिथल्या तिथे मळायला हवं होतं, नेहमीसारखं. पण ते म्हणाले, "घरी शांतपणे बघतो," आणि पाकिटं डब्यात घालून इंदिरानगरला घेऊन गेले. मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी वहीचं पान आणून दिलं. मी वाचतच राहिले.

कॅस्केडपुढे लिहिलं होतं: पपनस सोलताना सालीतून उडणारा फवारा, मागे देवाजवळच्या ताटलीतली कालची फुलं. अमारिलो: संत्र्याची फोड, गोड, शाळेतल्या गोळीसारखी. सिट्रा: आंब्याची आढी उघडल्यावर येतो तो पहिला वास, आणि त्यात कुणीतरी लिंबू पिळलंय. आणि सिमकोपुढे: पाईन, तसेच पॅशनफ्रूट, माती.

इतक्या वर्षांत भाऊंनी इतकं सुंदर कधी लिहिलं नव्हतं. सिमकोची ओळ पाकिटाबरोबर आलेल्या कागदावरून जशीच्या तशी उतरवलीय, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. भाऊंनी जन्मात पॅशनफ्रूट पाहिलं नव्हतं.

आम्ही शंभर लिटरची एकच बिअर केली आणि ती आंबल्यावर चार छोट्या पिंपांत सारखी वाटली. म्हणजे चारींचा कडूपणा एक, रंग एक, फरक असेल तो फक्त वासाचा. मग प्रत्येक पिंपात एकेक जात घातली. सिमकोचं पाकीट पुन्हा उघडलं तेव्हा माझ्या नाकाला काहीतरी खटकलं. आंबूस, कोंदट. पण भाऊंच्या पानावर पाईन लिहिलं होतं. मी स्वतःलाच दटावलं, तुझं नाक मोठं की भाऊंचं? आणि शंभर ग्रॅम गोळ्या पिंपात ओतल्या.

पाचव्या दिवशी सकाळी प्रयोगशाळेत चव घ्यायला बसलो. सुनील, भाऊ आणि मी. ग्लासांवर एक ते चार आकडे, जातींच्या ठरलेल्या क्रमानं. पहिल्या दोन ग्लासांना सुनील खुशीत होता. तिसरा, सिमकोचा, त्यानं नाकाशी नेला आणि लगेच खाली ठेवला. "काय आहे हे?" मी हुंगलं. जुनं चीज, घामेजलेले मोजे. शंकाच नको, हॉप्स हवा लागून खराब झाले होते.

भाऊंनी ग्लास उचलला, रीतसर फिरवला, डोळे मिटून हुंगला. म्हणाले, "पाईन. मागं फळं. छान आलंय."

सुनील माझ्याकडे बघत होता, मी भाऊंकडे. भाऊंनी डोळे उघडले, आमची तोंडं पाहिली आणि ग्लास इतक्या हळू खाली ठेवला की टेबलावर आवाजसुद्धा झाला नाही.

मी त्यांना बाहेर कडुलिंबाखाली नेलं. मी खूप बोलले. माझा स्वभाव तसाच, आधी तोंड सुटतं. बॅच नासली, सुनीलला काय सांगू, तुम्ही वास न घेता लिहिलंत का, माझी फसवणूक केलीत. भाऊ मान खाली घालून ऐकत होते. माझा दम संपल्यावर म्हणाले, "मॅडम, मला वास येत नाही. डिसेंबरात तो ताप आला होता ना, तेव्हापासून. काहीच येत नाही. मुलानं पायाशी फिनेलची बाटली सांडली तरी नाही."

सहा महिने. सहा महिने हा माणूस रोज ग्लास फिरवून, डोळे मिटून, नुसता जिभेवर आणि अंदाजावर दिवस काढत होता. लागरमध्ये ते जमून गेलं, कारण लोण्याचा दोष जिभेला तेलकट लागतो. "तुम्ही डॉक्टर..." मी म्हटलं. "दोन झाले," ते म्हणाले, "म्हणतात, आला तर येईल." मग म्हणाले, "नाक गेलं म्हटल्यावर मी इथं कोण? बाटल्या धुणारा. चौपन्नाव्या वर्षी परत बाटल्या?"

"मग पानावर लिहिलं ते कुणी?"

"मंडळीनं."

संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेले. खरं सांगायचं तर राग पुरता गेला नव्हता. चंद्रभागावहिनींनी दार उघडलं. उंच, काटक बाई. माहेर चांदवडजवळचं, बोलणं थेट. मी बसायच्या आत म्हणाल्या, "ताई, त्यांना काय बोलायचं ते बोलून झालं आसंल, आता मला बोला. मी बी त्यात हाय."

मग सगळं उलगडलं. त्या रात्री जेवणं झाल्यावर भाऊ एकेक पाकीट उघडून स्वतःच्या तळहातावर मळायचे आणि हात वहिनींच्या नाकाखाली धरायचे. वहिनी सांगायच्या, भाऊ लिहायचे. मळणं वहिनींना जमत नव्हतं, आणि हुंगणं भाऊंना.

"अन् सिमको?" मी विचारलं.

"ते शेवटचं? मी त्यांना सांगितलं ना, ह्याला रविराजच्या मोज्याचा वास येतोय म्हणून." रविराज म्हणजे त्यांचा मुलगा, कबड्डी खेळायचा. "हे हसले. म्हणाले, रविराजचे बूट दाराशी पडलेत, त्याचा वास आसंल. मी म्हटलं, नाय हो, तुमच्या हातालाच येतोय. तर म्हणाले, चेष्टा करू नको, चंद्रा. अन् कागदावरनं लिहून टाकलं."

भाऊ कोपऱ्यात स्टुलावर बसले होते. म्हणाले, "मला वाटलं, कंटाळली. बिअरचा राग आहे तिला पहिल्यापासून."

"राग हाय तो हायच," वहिनी म्हणाल्या, "पण तुम्ही विचारलं तर खोटं सांगंन का मी? इतकी वर्षं कधी सांगितलं?"

हा प्रश्न भाऊंना सगळ्यात जास्त लागला, हे दिसत होतं. एवढ्या काळजीनं उसनं घेतलेलं नाक, आणि एकदाच, जिथे खरी गरज होती तिथेच, त्यावर विश्वास ठेवला नाही. मी तरी दुसरं काय केलं होतं? माझं स्वतःचं नाक मला ओरडून सांगत होतं.

दुसऱ्या दिवशी भाऊ स्वतः सुनीलकडे गेले. मी म्हटलं होतं, मी बोलते. त्यांनी ऐकलं नाही. सगळं सांगितलं आणि म्हणाले, "माझं नाव चव घेणाऱ्यांतून काढा. पानावरच्या तीन ओळी खऱ्या आहेत, त्या बायकोच्या आहेत. चौथी माझी." सुनीलनं ते पान पुन्हा वाचलं. पोरगा अमेरिकेत काही शिकला असेल नसेल, पण त्या दिवशी शहाण्यासारखा वागला. म्हणाला, "काका, जीभ शाबूत आहे ना? मग तुम्ही दोघं या. चौघं बसू."

सिमकोच्या दुसऱ्या पाकिटाला काही झालं नव्हतं, ते विटेसारखं घट्ट होतं. मी पुन्हा तीच बिअर केली, पुन्हा चार पिंपं भरली. ह्या वेळी प्रत्येक पाकीट कापल्याबरोबर स्वतः मळलं, आणि जे आलं तेच लिहिलं.

वहिनी आल्या त्या ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसून, आणि आल्याआल्या बजावलं, "मी पिणार नाय. नुसता वास घेणार." टेबलाशी दोघं शेजारी बसली. भाऊ घोट घ्यायचे आणि कडूपणा सांगायचे, कुठे टोचतो, कुठे रेंगाळतो. वहिनी ग्लासात नाक घालून वास सांगायच्या. दोघं मिळून एक माणूस झाली होती.

नवी सिमको हुंगून वहिनी म्हणाल्या, "आता बरी हाय. सुताराकडं रंधा मारल्यावर ढलप्या पडतात ना, तशी. अन् खाली कसलंतरी आंबटगोड फळ, नाव नाय माहीत." भाऊंनी वहिनींकडे पाहिलं आणि ते जसंच्या तसं लिहून घेतलं.

सुनीलचं मन सिट्रावर बसलं होतं. खरं तर माझंही. आंब्याचा वास असा भसकन यायचा की कुणीही भुलावं. सुनील म्हणाला, "हीच ना काकू? आंबा कुणाला आवडत नाही?"

"आंबा घरात हाय की," वहिनी म्हणाल्या. "नाकाला वाटतं रस मिळंल, अन् ह्यांच्या तोंडाकडं बघा, कडू झालंय. ही फसवती." मग त्यांनी पहिला ग्लास पुढे ओढला, कॅस्केडचा. पुन्हा हुंगला. "ही नाय फसवत. पपनसाची साल दाताला लागली तर कडूच लागती. नाक सांगतं तेच जिभेला मिळतं."

मी वर्षानुवर्षं आकडे मांडत आले होते. आयपीए कशी निवडायची हे इतक्या सोप्या शब्दांत मला कुणी सांगितलं नव्हतं. अमेरिकेत सिट्रावाल्या कडू आयपीए लोक आवडीनं पितात, त्यांचंही काही चुकत नसेल. पण आमच्या ह्या बिअरला, ह्या गावात, वहिनींचं म्हणणं पटलं. सुनीलनं दोन्ही ग्लास पुन्हा घेतले, बराच वेळ घेतला, आणि कॅस्केडवर बोट ठेवलं.

भाऊंनी पहिल्या ग्लासातला आणखी एक घोट घेतला. म्हणाले, "हिच्या माहेरी विहिरीकाठी पपनसाचं झाड होतं. लग्नाच्या पहिल्या वर्षी मी सोलून द्यायचो, ही मीठ लावून खायची. हाताचा वास दोन-दोन दिवस जायचा नाही." आणि सहज, कुणाच्या लक्षात येईल न येईल असा, त्यांनी आपला डावा तळहात नाकाशी नेला. काही आलं नसणार. त्यांनी हात खाली घेतला तेव्हा वहिनींनी तो टेबलाखाली धरून ठेवला. मी न पाहिल्यासारखं केलं.

ती आयपीए फार चालली असं नाही. नाशिकमधली दोन-तीन हॉटेलं घ्यायची, पण घेणारे पुन्हा घ्यायचे. सुनीलचा जम बसला, एवढं मात्र झालं. वहीच्या पानावर चव घेणारे म्हणून चार नावं असायची, त्यात 'चं. वा. धात्रक (वास)' आणि 'वा. धात्रक (चव)'. महिन्यातून दोनदा वहिनी रिक्षानं यायच्या आणि शेवटपर्यंत त्यांनी घोट म्हणून घेतला नाही.

भाऊंचं नाक परत आलं नाही. घरी वहिनींनी एक रीत पाडली. फोडणी दिली की स्वयंपाकघरातून सांगायचं, "लसूण लाल झाला बरं का." मोगरा माळला की, "आज मोगरा हाय." गल्लीत कुणाची चपाती करपली तरी सांगायचं. भाऊ नुसते "हां" म्हणायचे. बाहेरच्याला वाटावं, बाई उगाच बडबडते. मला माहीत होतं म्हणून मला त्या बडबडीनं भरून यायचं.

दोन वर्षांनी आम्ही दुसरी आयपीए करून पाहिली, चिनूक नावाच्या हॉपची. आमच्याकडे आलेल्या मालाचा वास म्हणजे नुसतं पाईनचं लाकूड आणि राळ. पहिली बाटली घेऊन मी इंदिरानगरला गेले. कोणती आहे ते मुद्दामच सांगितलं नाही. वहिनी काय म्हणतात ते ऐकायचं होतं. वहिनींनी स्वयंपाकघरात बाटली उघडली, हुंगली आणि हळूच मला म्हणाल्या, "सुताराचं दुकान. राळ." नेमकं. मी मान हलवली.

त्या पेला घेऊन बाहेर आल्या आणि सांगायला तोंड उघडणार, तोच भाऊ म्हणाले, "थांब, चंद्रा. ह्या खेपेला सांगू नको."

त्यांनी पेला फिरवला, डोळे मिटले, खोल श्वास घेतला. घोट घेतला. आणि त्यांचा चेहरा असा उजळला की मी तसा तो नाक असतानाही पाहिला नव्हता.

"पपनस," ते म्हणाले. "अगं, पपनस. तुझ्या विहिरीवरचं. येतोय मला."

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत नवऱ्याशी एकदाही खोटं न बोललेली ती बाई.

"हो," वहिनी म्हणाल्या, "पपनसच हाय." आणि त्यांच्या शेजारी जाऊन बसल्या.

ब्रूअरीत परत आल्यावर मी वही उघडली. चिनूक, पहिली बाटली, वास: पपनस. खाली दोघांची नावं लिहिली.